हाफ तिकीट

लातूरला क्लासमध्ये शिकवत होतो, तेव्हा पालकसभेसाठी मुखेडला गेलो. परतताना एसटी चुकली, म्हणून उदगीरपर्यंत जीपने आलो. जीपवाला कुठली पावती देतो? आणि क्लासच्या नियमात कलम चार: प्रत्येक खर्चाला पावती. डोकंच फिरलं. उदगीरच्या स्टँडवर पडलेलं मुखेड-उदगीर तिकीट उचललं आणि लॉजची पावती, जेवणाचं बिल, पुढचं लातूरचं तिकीट यांच्यासोबत बिलाला जोडून दिलं.

हिशेब बघणारे चाचा चष्मा पुसत म्हणाले, "सर, तुमचं वय काय हाय?"

"अठ्ठावीस. का?"

"हे हाफ तिकीट हाय."

त्यांनी कलम चारची दुसरी ओळ बोटाने दाखवली. पावती मिळत नसेल तर कारण लिहून, सही करून खर्च मागावा. ती ओळ मी वाचलीच नव्हती.

"लिवा, एसटी चुकली म्हून जीपनं आलो. लाजायचं काय त्यात?"

जीपचं भाडं पूर्ण मिळालं. तिकीट मात्र त्यांनी टेबलाच्या काचेखाली सरकवलं. पुढे मी बिल घेऊन गेलो की चाचा त्याकडे कधी बघत नसत. मीच बघायचो.