मंगळवार आणि शुक्रवार
दीपमालाचं माहेर पैठणजवळचं. गावातली पोरं विहिरीत धडाधड उड्या टाकायची आणि पोरी काठावर त्यांचे कपडे सांभाळायच्या. आता ती चिकलठाण्यात राहते, औषधाच्या कंपनीत पॅकिंगला आहे. आपल्या अक्षदाला पोहता आलंच पाहिजे, हे तिनं कधीचं ठरवून टाकलं होतं.

दहा वर्षांच्या अक्षदाला मात्र बॅडमिंटन हवं होतं. संध्याकाळी तीन दिवस स्कॉलरशिपचा क्लास, शनिवार-रविवार पैठणला आजी-आजोबांकडं. उरले मंगळवार आणि शुक्रवार. त्यात दोन्ही बसणं शक्य नव्हतं.

एका मंगळवारी मायलेकी क्रीडा संकुलात गेल्या. आधी बॅडमिंटनच्या हॉलमध्ये. तिथले पुंडलिक सर स्पष्टच बोलले, "स्पर्धेसाठी खेळायचं तर दोन दिवस कमी पडतात, ताई. पण हौसेनं खेळायला चालतील. घरी भिंतीवर सराव करू द्या."

शेजारीच तलाव. महिला आणि मुलांच्या बॅचला रत्नमाला मॅडम शिकवत होत्या.

"दोन दिवस चालतील का?" दीपमालानं विचारलं.

"चालतील की. जरा उशिरा येईल, पण एकदा आलं की जन्मभर राहतं."

दीपमालाचा चेहरा खुलला. "कोणत्या वयापासून घेता? टोपी लागते का? भीती वाटली तर काय करता?" तिचे प्रश्न संपेनात. अक्षदा आईकडं बघत राहिली.

"मम्मी, पोहायचंय कुणाला? तुलाच ना?"

"मला? येडी का काय!"

"मग तूच शिक ना. मी तिकडं, तू इकडं. वेळ तर एकच हाय."

मॅडम हसल्या. "माझ्याकडं पन्नाशीच्या बायका येतात. डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा, शुक्रवारी या."

घरी नवऱ्यानं, हनुमाननं, ऐकलं आणि हातातला घास ताटात ठेवला. "तू पाण्यात उतरणार?"

"व्हय."

"मग मी बघायला येणार!"

"अजिबात नाय!"

पहिल्या शुक्रवारी पोहण्याचा अंगभर ड्रेस घालून, शॉवर घेऊन ती पायऱ्यांशी उभी राहिली. आधी कठडा धरून नाकानं बुडबुडे सोडायचे, मग पाय मारायचे. नाकातोंडात पाणी गेलं, डोळे लाल झाले, तरी पुढच्या मंगळवारी ती बॅग भरून अक्षदाच्या आधी दारात उभी.

काही आठवड्यांनी मॅडमनी तिला पाठीवर झोपवलं. "मान सैल सोडा. कान पाण्यात जाऊ द्या." मानेखालचा हात कधी निघाला, दीपमालाला कळलंच नाही. वर छताचे पत्रे, एक पारवा, आणि ती तरंगत होती! हसू आलं, तशी बुडाली. खोकत उठली, पुन्हा आडवी झाली.

तलावाच्या कुंपणाच्या जाळीपाशी घामेघूम अक्षदा रॅकेट नाचवत ओरडत होती, "मम्मी, आज सरांचा एक स्मॅश मी परत मारला!"

"आणि मी तरंगले, अक्षू! बघितलंस का?"

"नाय बघितलं! परत कर!"