मखाना मेवा का बी?

माझ्या भाचीला काजूची ॲलर्जी आहे. त्यामुळे वरवंडजवळच्या धाब्यावर जेवायला बसताना मीच वेटरला विचारलं. तो म्हणाला, "काजू करी अलग है साहब, ये मखाना है." माझं समाधान झालं. शिकलेल्या माणसाचं समाधान फार स्वस्तात होतं.

चार घासांत तिचे ओठ सुजले, अंगावर गांध्या उठल्या आणि आवाज घोगरा झाला.

तिचे सासरे माजी सरपंच. यातला 'माजी' त्यांना मान्य नाही. सभेत उभं राहावं तसे ते उभे राहिले. "मखाना सुक्या मेव्याच्या दुकानात मिळतो. म्हंजी काजूचाच भाऊ! इष घातलं पोरीला!"

आचारी बाहेर आला. "कमळाचं बी हाय ते, आबा. उपासाला चालतं."

"शेंगदाणेबी उपासाला चालत्यात!"

युक्तिवाद बिनतोड होता. तरी आबांनी त्याला पाण्याच्या स्टीलच्या जगची जोड दिली. आचाऱ्याचं कपाळ फुटलं. मालकानं आबांची गचांडी धरली, भाचीच्या नवऱ्यानं मालकाच्या पाठीत खुर्ची घातली आणि टेबल उलटलं. रश्श्यात रक्त मिसळलं. या सगळ्यात भाची गळा धरून जमिनीवर बसली होती, आणि गाडीची किल्ली आबांच्या खिशात होती. मी मागून त्यांच्या खिशात हात घातला. चोर समजून त्यांनी माझ्या बरगडीत कोपर हाणलं. पण किल्ली मिळाली.

यवतच्या डॉक्टरीणबाईंनी काही न विचारता तिला आडवं केलं आणि मांडीत ॲड्रिनलिनचं इंजेक्शन दिलं. मग ऑक्सिजन लावला. थोड्या वेळानं घशातली शीळ कमी झाली. मीही श्वास घेतला, तेव्हा बरगडी दुखली.

"हे पुन्हा उसळू शकतं. आज इथंच राहील," बाई म्हणाल्या. "काय खाल्लं?"

"मखाना," आबा गरजले. "मेवाच की तो!"

"नाही. पाण्यातल्या काटेरी कमळाचं बी. काजू-बदामाच्या ॲलर्जीवाल्याला सहसा चालतं. क्वचित कुणाला मखान्याचीच ॲलर्जी असते, ती वेगळी. पण भाजताना, पाकिटात भरताना काजू लागलेला असू शकतो. रस्सा कशाचा होता?"

कुणालाच माहीत नव्हतं. पलीकडच्या खाटेवर, मागोमाग आणलेल्या आचाऱ्याच्या कपाळाला टाके घालणं चालू होतं. तो न हलता म्हणाला, "पांढरा रस्सा काजू वाटूनच करत्यात. इचारलं कुणी? डोक्यात जगच घातला."

भाचीनं मास्क बाजूला सारला. "मामा, रस्सा का नाही विचारलात?"

मी तिचा मास्क पुन्हा नीट बसवला.

आबा डॉक्टरीणबाईंकडे वळले. "म्हंजी मखान्याचा गुन्हा न्हाई?"

"नाही."

"मंग मी हाणला कुणाला?"

"मला," आचारी म्हणाला.