परत बोलायचं कुणी

प्रताप नगरच्या आमच्या बँकेच्या शाखेत पंडितकाका आले, तेव्हा त्या सकाळचं चौथं गाऱ्हाणं मी ऐकत होते. त्यांना पाहून मला, खरं सांगते, वैतागच आला. जयपुरात मराठी बोलणारं माणूस दिसलं की रांग सोडून माझ्या टेबलाशीच येतं. मागे त्यांची बायको भीमाबाई, हातात कापडी पिशवी.

पंडितकाका रेल्वेतून स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झालेले. मूळचे भुसावळचे. छत्तीस वर्षं गाड्या सोडल्या, पण रुळावर एकदाही घोटाळा नाही. ही गोष्ट ते कुणालाही सांगत, अगदी भाजीवाल्यालासुद्धा.

"शालिनीमॅडम, बहिणीला पैसे पाठवले. ऐंशी हजार. पोचलेच नाहीत."

बहीण गौतमी भुसावळात. गुडघ्याचं ऑपरेशन सोमवारी, त्याआधी दवाखान्यात पैसे भरायचे होते. मी मोबाइल घेतला. व्यवहार यशस्वी झालेला होता, त्याचा संदर्भ क्रमांकही होता. खातं अस्तित्वातच नसतं तर पैसे परत आले असते. म्हणजे ते कुणाच्या तरी खात्यात बसले होते. गौतमीच्या पासबुकाचा फोटो पाहिला. तिच्या खात्याच्या शेवटी एक्केचाळीस, काकांनी टाकले होते चौदा.

"पण मी नाव लिहिलं होतं ना तिचं!"

"काका, पैसे नंबरावर जातात, नावावर नाही. पाठवण्याआधी 'खातेदाराचं नाव पाहा' असं बटण होतं. ते दाबलं असतं तर भलतंच नाव दिसलं असतं."

"माझ्या बहिणीचं नाव मला माहीत नाही का?" काका चिडले. मग आवाज खाली आला. "दोनदा टाकला हो मी नंबर. पहिल्यांदा टाकला, मोठ्यानं म्हटला आणि दुसऱ्यांदा तोच टाकला. स्टेशनात असंच करायचो. गाडी सोडायला पलीकडचा मास्तर प्रायव्हेट नंबर, म्हणजे परवानगीचा आकडा, फोनवर सांगायचा, आपण तो परत बोलायचा, मग वहीत लिहायचा. चूक व्हायचीच नाही."

भीमाबाई पिशवीकडे बघत म्हणाल्या, "मी म्हनलं व्हतं, शेवटी चार-एक हाय. माझ्याच हातानं क्यालेंडरवर लिवला व्हता म्या."

त्या वेळी काकांनी त्यांना काय उत्तर दिलं होतं, ते त्यांनी नंतर मला सांगितलं: "मध्ये बोलू नको, नंबर चुकतो."

मी अर्ज लिहून घेतला. तारीख, वेळ, रक्कम, संदर्भ क्रमांक, चुकीचा नंबर, बरोबर नंबर, सोबत पडद्याचा फोटो. पोच दिली. पलीकडच्या बँकेला लगेच मेल केला. काकांना वाटलं, मी एक फोन करीन आणि पैसे उलटे फिरतील. तसं होत नाही. खातेदाराच्या संमतीशिवाय ती बँक पैसे काढू शकत नाही, आणि तो कोण हे मी सांगू शकत नाही. लोक आमच्यावर ओरडतात. ओरडू देत.

"नाहीच म्हणाला तर?"

"तर पोलिसांत तक्रार, वकिलाची नोटीस. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे बँकेच्या चुकीची तक्रार चालते. ही चूक आपली आहे, काका."

ऑपरेशन पुढे ढकललं. नवीन तारीख चोवीस दिवसांनी. काका रोज अकराला येत, पोचपावती दाखवत आणि बाकावर बसत. सांगण्यासारखं माझ्याकडे काही नसे. गौतमीबाई रात्री पाय उशीवर ठेवून रडतात हे ऐकून माझाही जीव तुटे. भीमाबाईंनी काकांना एकदाही टोमणा मारला नाही. तेच काकांना सोसत नव्हतं.

एकविसाव्या दिवशी उत्तर आलं. खातेदार सुरतेला कामाला, जुना मोबाइल बंद. गावी आल्यावर त्याच्या शाखेने गाठलं, त्याने लेखी संमती दिली. संध्याकाळी ऐंशी हजार काकांच्या खात्यात परत आले. काका रडले नाहीत. रुमालाने चष्मा पुसत बसले.

"आता पाठवा," मी म्हटलं. "जुना नंबर आधी काढून टाका. आणि पहिल्यांदा एकच रुपया."

काकांनी मोबाइल उघडला, थांबले, आणि कॅलेंडरचं पान भीमाबाईंसमोर धरलं.

"तू वाच."

"म्या?"

"नंबर परत बोलायचा तो दुसऱ्या माणसानं. मी एकटाच दोन्ही बाजूंनी बोललो."

भीमाबाईंनी बोट ठेवून एकेक आकडा वाचला. काका टाकत गेले. मग मोबाइल त्यांच्याकडे फिरवला आणि त्यांनी पडद्यावरचे आकडे कागदाशी ताडून पाहिले. नावाचं बटण दाबलं, गौतमीचं नाव आलं. रुपया गेला. भुसावळहून फोन आला, "आला रे दादा."

उरलेले पैसे पाठवण्याआधी काकांनी भीमाबाईंकडे पाहिलं. आकडा पुन्हा वाचायला त्यांनी पान जवळ ओढलं होतं, आणि काका वाट बघत होते.