परक्याला पाहून रडतो

नागपूरला नर्सिंगच्या पुढच्या शिक्षणासाठी आले, तेव्हा माझा मुलगा सहा महिन्यांचा होता. त्याला नरखेडजवळच्या गावी सासूबाईंकडे ठेवलं होतं.

बालआरोग्याच्या असाइनमेंटमध्ये एक तान्हं आणि एक चालतं-बोलतं मूल तपासायचं होतं, शिवाय पालकांचं समुपदेशनही करायचं होतं. दोन वर्षांची मुलगी लसीकरणाच्या दिवशी ओपीडीत मिळाली. तिने ठोकळ्यांचा मनोरा रचला आणि आईचा पदर ओढून म्हणाली, “आई, घरी चल.” दोन शब्द जोडता येतात, अशी मी नोंद केली. तिच्या आईकडे मात्र मला बघवेना.

तान्ह्यासाठी कॉलेजच्या मॅडमनी घरचं मूल चालेल म्हटलं. परीक्षेमुळे महिनाभर मी गावी गेले नव्हते. रविवारी एसटीने गाव गाठलं.

मुलगा ओसरीवर आधाराशिवाय बसला होता. मी धावत जाऊन त्याला उचललं, तर त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि भोकाडच पसरलं. सासूबाईंनी घेताच गप्प झाला. त्यांच्या मानेत तोंड खुपसून बसला.

“काहून रडून राहिला रे? आई हाय ना तुही,” त्या म्हणाल्या. मला ते चिडवल्यासारखं वाटलं.

मग त्यांच्या मांडीवरच तपासणी केली. त्याने खुळखुळा या हातातून त्या हातात घेतला. मी तो फडक्याखाली लपवला, तर त्याने फडकं ओढून शोधला. नावाने हाक मारली, तर वळून पाहिलं. पोळीचा बारीक तुकडा अंगठा आणि बोटाने उचलला. नऊ महिन्यांना साजेसं सगळं त्याला येत होतं आणि त्यातलं काहीच माझ्यासमोर आलं नव्हतं.

तपासणीच्या तक्त्यातला पुढचा प्रश्न होता: परक्याला पाहून रडतो का? मी ‘होय’ लिहिलं.

कोपऱ्यात बाळाचा चाकांचा वॉकर दिसला आणि त्यांची एक तरी चूक सापडली म्हणून मला चक्क बरं वाटलं. “आई, याने चालणं लवकर येत नाही, उलट मूल पडतं. त्याला जमिनीवर खेळू द्या,” मी जरा चढ्या आवाजात बोलले.

“बरं. काढून टाकतो,” त्या लगेच म्हणाल्या. मग हळूच विचारलं, “तुले पाहून रडला, त्याच्यात काही खराबी तं नाही ना वं?”

त्या घाबरल्या होत्या. आता मला खरंच समजवावं लागलं: या वयात आपलं कोण, परकं कोण हे मुलाला कळायला लागतं, ती चांगलीच खूण आहे. ओढून घ्यायचं नाही. ओळखीचं माणूस जवळ ठेवायचं, नव्या माणसाने थोडं दूर बसायचं, त्याला स्वतः येऊ द्यायचं.

तशीच मी दूर बसले. संध्याकाळी तो रांगत आला, माझ्या बांगड्या हलवून हसला. मी त्याला ओढून न घेता तशीच बसून राहिले. मग त्याला झोप आली, तेव्हा वळून तो आजीकडे गेला.