भाषणाची शेवटची ओळ

विज्ञानाच्या बाईंनी जलचक्राच्या टिपणांची फाइल दुसरीच्या वर्गाच्या धाकट्या बाईंना दिली, ती निव्वळ विश्वासानं. "ताई, नुसती नजर टाकते हो," असं धाकट्या बाई म्हणाल्या होत्या. फाइलच्या डोक्यावर 'विज्ञान शिक्षिका' म्हणून मोठ्या बाईंचं नाव होतं.

प्रदर्शनाच्या दिवशी दुसरीतली मुलगी स्टुलावर उभी राहून बोलू लागली. "थंड पेल्याला बाहेरून घाम येतो ना? पेला गळत नाही काही! हवेतली वाफ गार होते आणि तिचे थेंब होतात. वर आभाळात असंच होतं, मग ढग बनतो."

बाईंनी कान टवकारले. हा पेल्याचा घाम त्यांचाच होता, वर्षानुवर्षं वर्गात घासूनपुसून लख्ख केलेला!

टाळ्या पडल्या. मुख्याध्यापकांनी धाकट्या बाईंचं तोंडभरून कौतुक केलं. "काही नाही हो सर, टिपणं एआयवर अपलोड केली आणि लहान मुलांना कळेल असं भाषण मागितलं. चुटकीसरशी मिळालं." कुणाची टिपणं, ते मात्र त्यांनी सोयीस्करपणे गिळलं.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी त्यांनी मनाची समजूत घातली, कॉम्प्युटरनंच नाव गाळलं असेल, त्या मेल्याला काय कळतंय!

तेवढ्यात ती मुलगी भाषणाचा कागद नाचवत आली. "बाई, मी काहीच विसरले नाही! ही शेवटची ओळपण पाठ होती, पण धाकट्या बाईंनी खोडली."

बाईंनी कागद उजेडात धरला. पेनाच्या रेघोट्यांखाली छापील अक्षरं स्वच्छ दिसत होती: 'हे सगळं आम्हाला आमच्या विज्ञानाच्या बाईंनी शिकवलं.'