तिबारकाकांचा ताळा

आमच्या खोक्यांच्या कारखान्यात हिशेबनीसांचं खरं नाव फक्त पगाराच्या पाकिटावर असतं. बाकी सगळ्यांसाठी ते तिबारकाका. कपाटाला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघणार. चहात साखर आहे का, हे तीनदा ढवळल्याशिवाय सांगणार नाहीत. मी एकदा म्हटलं, "काका, तीन तिघाडा, काम बिघाडा." तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "ते माणसांचं. आकड्यांना तिघंच लागतात. एक चुकतो, दुसरा भांडतो, तिसरा निकाल लावतो."

मी त्यांच्या समोरच्या टेबलावर ऑर्डरींची वही लिहितो. त्यामुळे एकतीस वर्षांच्या त्यांच्या नोकरीतली शेवटची सहा वर्षं मी रोज समोरून पाहिली आहेत. एकच हिशेब तीन वाटांनी करायचा, कागदाच्या उजव्या बाजूला तीन उत्तरं एकाखाली एक, आणि तिन्ही जुळली की त्यांखाली छोटीशी बरोबरची खूण. ती खूण करताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. नातवाचं बारसं असावं तसा.

यंदा मालकांच्या डोक्यात घडी घालून खळ लावणारं मशीन शिरलं. किंमत चाळीस लाख. हे मशीन आलं की खळीची खोली बंद. त्या खोलीत चौदा बायका हाताने खोकी दुमडून चिकटवतात आणि त्यांच्या मुकादम म्हणजे काकांच्या थोरल्या भगिनी. त्यांना कारखानाभर ताई म्हणतात. काका आणि ताई एकाच घरात राहतात, एकाच डब्यातून जेवतात. लोणचं कुणाच्या वाट्याला जास्त गेलं, यावर रोज भांडतात.

मालकांचा एक नियम मात्र पक्का होता. जे मशीन चार वर्षांत आपली किंमत परत देत नाही, ते घ्यायचं नाही. म्हणजे वर्षाला निदान दहा लाख रोकड हातात यायला हवी. नाही आली, तर खळीची खोली आहे तशी चालू.

हिशेब मालकांच्या जावयाने केला होता. जावई शिकलेला, शर्टाच्या खिशात दोन पेनं. त्याने वर्षाची रोकड तीन पद्धतींनी काढली होती आणि तीन उत्तरं आली होती: साडेबारा लाख, साडेचार लाख आणि साडेअठरा लाख. तो कागद घेऊन मालक आणि जावई आमच्या खोलीत आले.

"यांची सरासरी काढू या का?" जावई म्हणाला.

काकांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "जावईबापू, घर एकच आहे. तिथे तीन वाटांनी गेलं म्हणून तीन घरं होत नाहीत. कुठली तरी वाट चुकलीय. आणा इकडे."

मग पुढची वीस मिनिटं काका जे बोलले, ते मी वही मिटून ऐकलं.

"विक्री तीस, खरा खर्च सोळा. मशीन चाळीसचं, पाच वर्षांत झिजणार, म्हणून घसारा वर्षाला आठ. राहिले सहा. पंचवीस टक्के कर, म्हणजे दीड. नफा साडेचार. पण घसारा आपण कुणाच्या हातात देतो का?"

"नाही."

"मग तो घरातच आहे. नफ्यात परत मिळवा. साडेचार अधिक आठ, साडेबारा. ही वाट तुमची बरोबर होती. दुसरी, विक्रीतून सरळ खाली या. तीस उणे सोळा उणे कराचे दीड. साडेबारा. इथे घसाऱ्याला हातच लावायचा नाही. तुम्ही तो वजा केलात, म्हणून साडेचारवर जाऊन पडलात. आता तिसरी. घसारा नाहीच असं समजा. चौदावर कर भरून उरतात साडेदहा. पण घसाऱ्यामुळे आठ लाखांवरचा कर वाचतो, तो दोन लाख. तेवढाच मिळवायचा. ही कराची ढाल. तुम्हाला मिळाली ढाल, तुम्ही मोजलीत पलटण. आठच्या आठ मिळवलेत. साडेदहा अधिक दोन?"

"साडेबारा," जावई पुटपुटला.

काकांनी खूण केली. तोच तो बारशाचा चेहरा. मालक हसून म्हणाले, "बघा, याला म्हणतात हिशेब. दहाच्या वर गेला की नाही?"

आणि तेव्हा काकांचा चेहरा हळूहळू उतरला. जावयाचा हिशेब तीन तोंडांनी बोलत होता, तोवर मशीन अडलेलं होतं. काकांनी तो एकमुखी करून दिला होता. शिक्षकी खाज माणसाला कुठे नेईल, सांगता येत नाही.

त्यांनी कागद पुन्हा वरपासून वाचला. पहिल्याच ओळीवर बोट थांबलं. "मालक, विक्री तीस कुठून आली?"

"माझा अंदाज आहे."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी वही उघडली. मशीनसाठी गिऱ्हाइकांनी तोंडी कबूल केलेला माल बावीस लाखांचा होता, त्यातही दोघंजण 'बघू' म्हणणारे.

"वहीत बावीस आहे," मी म्हणालो.

"वहीत मागचं असतं. मी पुढचं बोलतोय," मालक म्हणाले. यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही. खरं म्हणजे सुचलं होतं, पण माझाही पगार एक तारखेलाच होतो.

काकांनी कोरा कागद ओढला. बावीस विक्री, माल कमी म्हणून खर्च तेरा. घसारा तोच आठ. राहिला एक, कर पाव, नफा पाऊण. पाऊण अधिक आठ, पावणेनऊ. बावीसातून तेरा आणि पाव गेले, पावणेनऊ. नवावर कर भरून पावणेसात, त्यात ढालीचे दोन, पावणेनऊ. तिन्ही जुळले. दहाच्या आत. खूण ठसठशीत आली.

"मालक, हे बघा. चार वर्षांत पैसे परत येत नाहीत."

मालकांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. "यात तिन्ही जुळतात?"

"जुळतात."

"आणि पहिल्यात?"

काकांनी पहिला कागद सरळ केला. मग म्हणाले, "पहिल्यातही जुळतात. पण मालक, ताळा फक्त गणिताचा होतो. तिन्ही वाटा त्याच पहिल्या ओळीतून निघतात. ती ओळ खोटी असली, तरी तिघं हात धरून तिथेच पोचतात."

"म्हणजे तुम्ही आजवर मला ज्या खुणा दाखवल्यात, त्या एवढ्यापुरत्याच होत्या?"

मालकांनी हे टोचून विचारलं नव्हतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. काकांनी पेनाला टोपण लावलं. मालकांनी तिसांचा कागद उचलला, काकांच्या खुणेखाली सही केली आणि म्हणाले, "दोन्ही बरोबर असतील, तर मी मोठा घेतो."

दोन महिन्यांनी मशीन आलं. खळीची खोली रिकामी करायच्या दिवशी ताईंनी पातेली घासून पालथी घातली, चौदाही ब्रश धुऊन खिडकीत वाळत ठेवले. कुणी नेणार नव्हतं, तरी. मग त्या डबा खायला आमच्या खोलीत आल्या. लोणच्याची फोड त्यांनी आपणहून भावाच्या पोळीवर ठेवली. काका भांडले नाहीत.

"हिशेब तूच केलास म्हणे," ताई म्हणाल्या.

"हो."

"तीनदा?"

"तीनदा."

"जुळला?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीत तोंड खुपसलं.

"जुळला, ताई."

"मग बरोबरच असेल," ताई म्हणाल्या आणि काकांकडे डब्याचं झाकण सरकवलं. "जेव आता. तुझा हिशेब कधी चुकलाय?"