डाव्या कोपऱ्यात काय दिसतं?

इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस होतं. दोन खोल्या, एक गच्ची आणि तिथपर्यंत पोचणारा अंधारा जिना. खाली दिवसभर पितळी पातेली आपटायची, हातगाड्यांवरचे लोक टेम्पोवाल्यांना ओरडायचे आणि वर आम्ही तिघं संत्र्याच्या पानांचे फोटो बघत बसायचो. आता कंपनी वर्धा रोडकडे काचेच्या इमारतीत गेली आहे. तिथे आवाज नसतो, लिफ्ट आहे, पाणी थंड मिळतं. तरी दुपारचा डबा उघडला की मला इतवारीचीच खोली आठवते. तिथे टेबल एकच होतं आणि तिघांचे डबे त्यावर असायचे, म्हणून कोणाची भाजी कोण खातंय याचा हिशोब लागत नसे.

तिघं म्हणजे मालक, प्रोग्रॅमर आणि मी. मालक त्या भांड्यांच्या घरातले धाकटे. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे, आम्हीही. प्रोग्रॅमर तिशीतली, तोंडाने फटकळ, हाताने चलाख. मी आधी शाळेत विज्ञान शिकवायची. शाळा सोडल्यावर भाऊंनी मला घेतलं, ते अॅपमधलं मराठी तपासायला आणि अॅप नीट चालतं का ते बघायला.

अॅपचं काम साधं होतं. बागायतदाराने पानाचा फोटो काढायचा, खाली काय होतंय ते दोन ओळीत लिहायचं आणि पाठवायचं. फोटो आणि ओळी दोन्ही एका एआय मॉडेलकडे जायच्या. त्या मॉडेलला चित्र वाचता येत होतं. ते रोगाचा अंदाज सांगायचं, आम्ही तो मराठीत दाखवायचो. मॉडेल आमचं नव्हतं, भाड्याने घेतलेलं. आमची होती ती त्याला दिलेली सूचना. त्या सूचनेत भाऊंनी एक वाक्य हट्टाने घातलं होतं: फोटो दिसत नाही असं कधी म्हणू नये, उत्तर खात्रीने द्यावं.

त्यामागे भाऊंच्या घराची रीत होती. त्यांच्या दुकानात गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणायचं नाही असा नियमच होता. पाच लिटरचा कुकर नसला तरी ‘पाहतो जी, बसा’ म्हणायचं आणि शेजारच्या दुकानातून आणून द्यायचा. भाऊ म्हणायचे, “कास्तकार माणूस एवढ्या दूरून विचारून राहिला, अन् आपण म्हणायचं दिसत नाही? तो दुसऱ्यांदा येईल का?” कुकरच्या बाबतीत ते बरोबरच होतं.

त्या दिवशी काटोलच्या काकूंचा फोन आला. या काकू आमच्या पहिल्या वापरणाऱ्यांपैकी. सुरुवातीला पानांचे नमुने हवे होते तेव्हा त्यांनी आम्हाला आपली बाग मोकळी करून दिली होती आणि वर जेवू घातलं होतं. बाग त्या स्वतः बघायच्या, नवरा बाजाराचं बघायचा.

“बाई, तुमच्या अॅपनं झाडं काढाले सांगतलं,” त्या म्हणाल्या. “विहिरीजवळची ओळ. ग्रीनिंग म्हणते. जाळून टाका म्हणते. एक झाड तं सकाळी काढलंबी. बाकीच्यासाठी उद्या मजूर येऊन राहिले.”

माझ्या हातातली पोळी तशीच राहिली. ग्रीनिंग हा संत्र्याचा फार वाईट रोग. तो असेल तर झाड काढणंच बरं, कारण तो शेजारच्या झाडांना लागतो. पण नसेल तर? फळावर आलेली ओळ, वाढवायला वर्षं लागलेली, एका दिवसात जाणार.

“काकू, तुम्ही लिहिलं काय होतं?”

“पानं पिवळी पडून राहिली, ग्रीनिंग तं नाही ना, असं.”

म्हणजे रोगाचं नाव त्यांनीच दिलं होतं. अॅपवर आलेलं उत्तर त्यांनी मला वाचून दाखवलं: फोटोत पानावर ठिपक्याठिपक्यांचा पिवळेपणा दिसतो, दोन्ही बाजूंना सारखा नाही, ही ग्रीनिंगची खूण आहे. वर्णन पुस्तकातल्यासारखं चोख होतं. मला ते जरा जास्तच चोख वाटलं. शाळेत मुलगा असं पाठ म्हणायला लागला की मी समजायची, याने पुस्तक उघडलेलं नाही. मग मी धड्यातलं काही विचारायची नाही. विचारायची, त्या पानावर खालच्या कोपऱ्यात चित्र कशाचं आहे? पुस्तक उघडलेला मुलगा सांगायचा. न उघडलेला धड्याचं नाव बघून काहीतरी ठोकून द्यायचा.

“काकू, एक करा. त्या ओळीतलं एक पान जमिनीवर ठेवा. फोटोच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात येईल अशी कुठलीही वस्तू ठेवा. काय ठेवली ते अॅपला लिहू नका. मलाही सांगू नका. नुसतं विचारा, डाव्या खालच्या कोपऱ्यात काय दिसतं.”

“मॉडेलची परीक्षा घेऊन राहिल्या का ताई?” प्रोग्रॅमर हसली. “घ्या घ्या. मास्तरीण गेली नाही अंगातून.”

थोड्या वेळाने काकूंचा फोन. मी स्पीकर लावला. “म्हणते, कोपऱ्यात माती अन् सुकलेलं गवत दिसून राहिलं.”

“आणि ठेवलं काय होतं?”

“माही चप्पल. पायातली काढून ठेवली. लाल पट्ट्याची.”

भाऊ लगेच म्हणाले, “चप्पल गवतात लपली असन.” मग माझ्या हातातून फोन घेऊन म्हणाले, “काकू, तुम्ही सरळ विचारा ना. कोपऱ्यात चप्पल आहे का, असं.”

काकूंनी विचारलं. उत्तर आलं: हो, डाव्या खालच्या कोपऱ्यात एक चप्पल दिसत आहे.

“पाहा!” भाऊंनी टेबलावर हात मारला. “त्याले दिसून राहिलं. उगीच घाबरवता तुम्ही.”

“भाऊ, तुम्ही उत्तर सांगून प्रश्न विचारला,” मी म्हटलं. “काकू, आता विचारा, कोपऱ्यात बादली आहे का.”

“पण बादली तं नाही ना.”

“म्हणूनच विचारा.”

उत्तर वाचताना काकूंना हसू आवरेना. “म्हणते, हो, प्लास्टिकची बादली दिसत आहे. बाप्पा! चपलेची बादली झाली वं बाई!”

खोलीत दुसरं कोणी हसलं नाही. प्रोग्रॅमरने डबा बंद केला आणि खुर्ची ओढली.

पण ऑफिसात तिने तेच करून पाहिलं तर सगळं बरोबर. तिने पानाशेजारी स्टेपलर ठेवला, मॉडेलने स्टेपलर सांगितला. कात्री ठेवली, कात्री सांगितली. ती वैतागली. “इथं तं चालून राहिलं. मग तिथं काहून नाही?”

“तिथं आणि इथं फरक काय?” मी विचारलं.

तिने वायफायच्या पेटीकडे पाहिलं. मग आपल्या फोनचं वायफाय बंद केलं आणि जिन्यात गेली. त्या जाड भिंतींच्या जिन्यात नेटवर्कची एक काडी कशीबशी यायची. तिथे पायरीवर बसून तिने पानाजवळ कात्री ठेवून फोटो पाठवला. उत्तर आलं, कोपऱ्यात माती दिसते. सिमेंटच्या पायरीवर माती!

तिथेच बसून तिने आम्हाला सांगितलं. मागच्या महिन्यात अॅप लवकर उत्तर देत नाही म्हणून तक्रारी येत होत्या. तेव्हा तिने असं केलं होतं की फोटो ठरावीक वेळात चढला नाही तर अॅपने थांबू नये, नुसत्या लिहिलेल्या ओळी पुढे पाठवाव्या. तिला वाटलं होतं, फोटो नसला तर मॉडेल सांगेलच की फोटो नाही. आणि भाऊंच्या वाक्याने मॉडेलला नेमकं तेच सांगायला मनाई होती. दोघांनी आपापल्या जागी गिऱ्हाइकाचं भलंच चिंतलं होतं.

“म्हणजे मॉडेल खोटं बोलून राहिलं?” भाऊंनी विचारलं.

“नाही भाऊ. त्याला फोटो मिळालाच नाही आणि नाही म्हणायची सोय आपण ठेवली नाही. मग काकूंनी लिहिलेल्या शब्दांवरून जे शक्य वाटलं ते त्याने लिहिलं.”

दुकानातून कोणीतरी भाऊंना हाक मारत होतं, ते गेले नाहीत. मग प्रोग्रॅमरला म्हणाले, “माहं वाक्य काढ वं. अन् फोटो नाही आला तर नाही आला म्हण. पुन्हा पाठवा म्हण.”

संध्याकाळपर्यंत तिने दोन्ही बदललं. मी काकूंना नवं अॅप घ्यायला लावून बागेतूनच फोटो पाठवायला सांगितला. या वेळी उत्तर आलं: फोटो पोचला नाही, कृपया चांगल्या नेटवर्कमधून पुन्हा पाठवा. मग काकू पान आणि चप्पल घेऊन बस स्टँडपर्यंत गेल्या. तिथे लोकांच्या देखत चप्पल खाली ठेवून फोटो काढला.

“लाल पट्ट्याची चप्पल म्हणते,” त्या ओरडल्या. “पट्टा तुटला आहे हेबी सांगतलं!”

त्यानंतर पानाचं उत्तर आलं. पान लहान, अरुंद. शिरा हिरव्या, शिरांमधला भाग पिवळा आणि दोन्ही बाजूंना सारखा. जस्ताची कमतरता असावी, पण ग्रीनिंगशी गल्लत होऊ शकते, तपासणी करून घ्या.

काकूंना तेवढ्यावर मजुरांना नको म्हणायचं होतं. मी म्हटलं, “मजूर थांबवाच. पण कोपरा बरोबर सांगितला याचा अर्थ फोटो पोचला, एवढाच. रोग बरोबर ओळखला असं नाही. पानं घेऊन तज्ज्ञाकडे जा.”

“तुमच्यावर भरोसा आहे ना बाई.”

“भरोसा असू द्या. पानंही न्या.”

त्यांनी नेली. तपासणीत ग्रीनिंग निघालं नाही, जस्तच कमी होतं. फवारणी झाली, नवी पालवी हिरवी आली. हे कळायला बरेच दिवस गेले आणि त्या दिवसांत भाऊ रोज सकाळी आल्याबरोबर मला विचारायचे, काकूंचा फोन आला का. एरवी ते असे विचारणारे नव्हते.

काचेच्या इमारतीत आता कोपऱ्याची तपासणी आपोआप होते. त्यासाठी प्रोग्रॅमच लिहिलेला आहे. रोज वेगवेगळ्या वस्तूंचे फोटो जातात, कधी मुद्दाम फोटोच जात नाही, आणि तेव्हा ‘नाही’ हे उत्तर आलं तर ते पास धरतात. माणूस लागत नाही. चांगलं आहे, मीच ते मागून घेतलं. तरी पायरीवर बसून कात्रीचे फोटो काढणारी ती फटकळ बाई आणि तिच्या मागे उभे राहून वाकून बघणारे आम्ही दोघं, असं काम पुन्हा करायला मिळालं नाही.

काढलेल्या झाडाबद्दल मी काकूंची माफी मागितली होती. कंपनीतर्फे भाऊंनीही मागितली, रोप देऊ म्हणाले. काकू म्हणाल्या, “एक गेलं ते गेलं. ओळ राहिली ना.” मग म्हणाल्या, “त्या खड्ड्यात मी लिंबू लावलं. लिंबाले तुमचं अॅप चालते का जी?”

“नाही,” भाऊ म्हणाले.